चलनाचा दर कायमचा बांधून टाकला, तर सरकारच्या हातून काय जातं?

जानेवारी 2022 मध्ये दुबईहून कोणी घरी 1,000 दिऱ्हॅम पाठवले, तर रत्नागिरी किंवा कोल्हापूरच्या बँक खात्यात साधारण 20,000 रुपये जमा होत होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तेवढ्याच 1,000 दिऱ्हॅमचे साधारण 22,500 रुपये मिळू लागले. पगार वाढला नव्हता, पाठवलेली रक्कमही तीच होती. बदलला होता तो रुपयाचा दर. एका डॉलरला साडेचौऱ्याहत्तर रुपये मोजावे लागत होते, ते वर्षअखेरीस ब्याऐंशीच्या पुढे गेले.

दिऱ्हॅमचं काय झालं? काहीच नाही. एका डॉलरला 3.6725 दिऱ्हॅम हा दर संयुक्त अरब अमिरातीने 1997 मध्ये ठरवला आणि तेव्हापासून तो तसाच आहे.

वरवर पाहता दिऱ्हॅमची व्यवस्था जास्त चांगली वाटते. चलन घसरत नाही, आयात अचानक महाग होत नाही, व्यापाऱ्याला पुढच्या वर्षीचा हिशेब आजच मांडता येतो. मग सगळेच देश आपल्या चलनाचा दर असा ठरवून का टाकत नाहीत? कारण या स्थिरतेची किंमत असते. ती किंमत नेमकी कोणती, हे अर्जेंटिनाने 1991 ते 2002 या अकरा वर्षांत जितकं स्पष्ट दाखवलं, तितकं क्वचितच कुठल्या देशाने दाखवलं असेल.

स्थिर दर आणि तरता दर म्हणजे काय?

परदेशी चलन ही बाजारात विकली जाणारी वस्तू आहे, असं समजू. आयातदाराला, परदेशी शिकायला जाणाऱ्याला, परदेशी कर्ज फेडणाऱ्या कंपनीला डॉलर हवे असतात. निर्यातदार, परदेशी गुंतवणूकदार आणि परदेशातून घरी पैसे पाठवणारे लोक डॉलर आणतात. मागणी वाढली की डॉलर महागतो, पुरवठा वाढला की स्वस्त होतो. हा दर बाजारावर सोडला तर तो तरता विनिमय दर. भारताचा रुपया मार्च 1993 पासून या गटात आहे. मात्र दर फार वेगाने हलू लागला की रिझर्व्ह बँक मध्ये पडते, म्हणून त्याला नियंत्रित तरता दर म्हणतात.

स्थिर दरात सरकार किंवा मध्यवर्ती बँक एक आकडा जाहीर करते आणि तो टिकवण्याची हमी देते. पण ही हमी केवळ आदेश काढून पाळता येत नाही. बाजारात डॉलरची मागणी वाढली, तर ठरलेल्या दराने ते डॉलर कोणीतरी पुरवावे लागतात. ते काम मध्यवर्ती बँकेला करावं लागतं, आणि त्यासाठी तिच्याकडे परकीय चलनाचा साठा असावा लागतो.

यात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. मध्यवर्ती बँक डॉलर विकते तेव्हा बदल्यात तिला देशाचं स्वतःचं चलन मिळतं. ते चलन तिच्या तिजोरीत जातं, म्हणजे बाजारातून कमी होतं. बाजारात पैसा कमी झाला की कर्ज महाग होतं, व्याजदर चढतात. उलट, डॉलर भराभर येऊ लागले की ते विकत घेण्यासाठी बँकेला नवं चलन बाजारात सोडावं लागतं आणि व्याजदर उतरतात. थोडक्यात, दर बांधला की देशात पैसा किती असावा आणि कर्ज किती महाग असावं, हे डॉलरची ये-जा ठरवू लागते. सरकारच्या हातून जाणारी पहिली गोष्ट ही.

अर्जेंटिनाने दर का बांधला?

1989 मध्ये अर्जेंटिनात महागाईचा वार्षिक दर 3,000 टक्क्यांच्या वर गेला होता. 1990 मध्येही तो चार आकडी होता. दुकानातल्या किमती दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा बदलत होत्या आणि पगार हातात आला की लोक तो लगेच वस्तूंमध्ये किंवा डॉलरमध्ये बदलत होते. यामागचं मूळ कारण तूट होती. सरकारचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होता आणि ती तूट भरून काढायला मध्यवर्ती बँक नोटा छापत होती. महागाई रोखण्याच्या अनेक योजना आल्या आणि फसल्या. सरकार छपाई थांबवेल यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता.

अशा वेळी राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम आणि अर्थमंत्री दोमिंगो काव्हायो यांनी वेगळा मार्ग घेतला. छपाई थांबवू असं नुसतं आश्वासन न देता त्यांनी ती कायद्यानेच अशक्य करायचं ठरवलं. एप्रिल 1991 मध्ये परिवर्तनीयता कायदा लागू झाला. 10,000 ऑस्ट्राल, म्हणजे तेव्हाचं चलन, बरोबर एक डॉलर असा दर कायद्यात लिहिला गेला. 1 जानेवारी 1992 रोजी ऑस्ट्रालच्या जागी पेसो आला आणि समीकरण अगदी सोपं झालं : एक पेसो म्हणजे एक डॉलर.

नुसता दर ठरवून कायदा थांबला नाही. बाजारात जितके पेसो, तितक्या मूल्याचा परकीय साठा मध्यवर्ती बँकेकडे असलाच पाहिजे, अशी अट त्यात होती. या साठ्याचा जास्तीत जास्त एक-तृतीयांश भाग सरकारच्या डॉलरमधल्या रोख्यांच्या रूपात ठेवण्याची मुभा होती, बाकी सगळा खरा परकीय साठा. म्हणजे डॉलर आल्याशिवाय पेसो छापता येणार नव्हता. अशा कडक व्यवस्थेला चलन मंडळ पद्धत म्हणतात. साध्या स्थिर दरात मध्यवर्ती बँक थोडीफार लवचिकता ठेवू शकते, इथे ती कायद्यानेच काढून टाकलेली असते.

आणि तो उपाय लागू पडला. 1993 पर्यंत महागाई साधारण दहा टक्क्यांवर आली, 1994 मध्ये चार टक्क्यांच्या आसपास, आणि 1996 मध्ये जवळपास शून्यावर. कायद्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत अर्थव्यवस्था वेगाने वाढली. परदेशी भांडवल आलं, बँका पुन्हा दीर्घ मुदतीची कर्जं देऊ लागल्या. ज्या देशात उद्याची किंमत सांगता येत नव्हती, तिथे लोक हप्त्यावर घर घेऊ लागले.

दर बांधण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. सरकारवर विश्वास नसेल, तर ते दुसऱ्या देशाच्या मध्यवर्ती बँकेची पत उसनी घेतं. पण जी गोष्ट उसनी घेतली, तिच्यावर आपला ताबा नसतो.

व्याजदर वॉशिंग्टनमध्ये ठरू लागले, म्हणजे काय?

पेसो आणि डॉलर एकच असतील आणि पैसा देशाबाहेर नेण्यावर बंधन नसेल, तर अर्जेंटिनातला व्याजदर अमेरिकेपेक्षा कमी असू शकत नाही. कमी असला, तर लोक पेसो देऊन डॉलर घेतील आणि पैसा न्यूयॉर्कला ठेवतील. मध्यवर्ती बँकेचे डॉलर जातील, बाजारातले पेसो आटतील आणि व्याजदर आपोआप वर येईल. म्हणून अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने दर वाढवला की ब्युनोस आयर्सला पर्याय उरत नाही. उलट, अर्जेंटिनाबद्दल शंका घेणारे गुंतवणूकदार त्यावर जोखमीचं जास्तीचं व्याज मागत, त्यामुळे तिथले दर अमेरिकेपेक्षा वरच राहत.

अर्थशास्त्रात याला अशक्य त्रिकूट म्हणतात. रॉबर्ट मुंडेल आणि मार्कस फ्लेमिंग या अर्थतज्ज्ञांच्या 1960 च्या दशकातल्या मांडणीतून ही कल्पना आली. स्थिर विनिमय दर, भांडवलाची मुक्त ये-जा आणि स्वतःचं व्याजदर धोरण या तीन गोष्टींपैकी कुठल्याही दोनच एका वेळी मिळतात. अर्जेंटिनाने पहिल्या दोन घेतल्या आणि तिसरी सोडली. चीनने 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 2005 पर्यंत युआन एका डॉलरला सुमारे 8.28 या दरावर ठेवला, पण भांडवलावर कडक बंधनं ठेवली. त्यामुळे व्याजदर बऱ्याच प्रमाणात स्वतःच्या हातात राहिला. भारताने दराला तरंगू दिलं आणि व्याजदर मुंबईत ठरवण्याचा अधिकार ठेवला.

अमिरातीत हे आजही दिसतं. 2022 मध्ये फेडरल रिझर्व्हने जवळपास शून्यावर असलेला आपला दर वर्षभरात 4.25 ते 4.50 टक्क्यांच्या पट्ट्यात नेला. अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेचा आधार दर त्याच काळात 0.15 टक्क्यावरून 4.40 टक्क्यांवर गेला, प्रत्येक वेळी फेडच्या पाठोपाठ. अमेरिकेत महागाई होती म्हणून दर वाढले. दुबईत घराचं कर्ज फेडणाऱ्याचा त्या महागाईशी काही संबंध नव्हता, पण हप्ता त्याचाही वाढला.

दोन्ही देशांची आर्थिक परिस्थिती सारखी असेल तर हे चालून जातं. अमेरिकेत तेजी आणि आपल्याकडे मंदी असली की गाडं अडतं.

शेजाऱ्याने चलन घसरू दिलं तेव्हा काय झालं?

1998 पासून अर्जेंटिनावर एकामागून एक धक्के आले. ऑगस्ट 1998 मध्ये रशियाने कर्जफेड थांबवली आणि जगभरच्या गुंतवणूकदारांनी विकसनशील देशांतून पैसा काढायला सुरुवात केली. शेतमालाचे जागतिक भाव पडले. डॉलर इतर चलनांच्या तुलनेत मजबूत होत गेला आणि त्याच्याशी बांधलेला पेसोही, अर्जेंटिनाची अवस्था तशी नसताना, महाग होत गेला. मग जानेवारी 1999 मध्ये ब्राझीलने आपलं रेआल हे चलन तरतं सोडलं. ब्राझील हा अर्जेंटिनाचा शेजारी आणि सर्वात मोठा ग्राहक होता.

याचा अर्थ एका उदाहरणाने पाहू. अर्जेंटिनातला एक कारखाना गाडीचा एक सुटा भाग 100 पेसोला, म्हणजे 100 डॉलरला विकतो आहे. रेआल तरतं होण्याआधी एका डॉलरला सुमारे 1.21 रेआल पडत होते, म्हणजे ब्राझीलच्या ग्राहकाला तो भाग 121 रेआलला मिळत होता. पुढे डॉलर 1.80 रेआलच्या आसपास गेला. आता तोच भाग 180 रेआलचा झाला. कारखानदाराने काहीही चुकीचं केलेलं नाही, तरी त्याचा माल जवळपास निम्म्याने महाग झाला.

ग्राहक टिकवायचा, तर किंमत पुन्हा 121 रेआलवर आणावी लागेल. 121 भागिले 1.80 म्हणजे 67 डॉलर, म्हणजेच 67 पेसो. शंभराचा माल सदुसष्टला विकायचा, तर खर्चही एक-तृतीयांशाने खाली आणावा लागेल. खर्चात मोठा वाटा पगाराचा असतो. 900 पेसो पगार असलेल्या कामगाराला 600 पेसो घे, असं सांगायचं. कोणी सहज मान्य करत नाही, संघटना तर नाहीच नाही. म्हणून मालक पगार कापण्याऐवजी माणसं कापतो.

पेसो तरता असता तर काय झालं असतं? मागणी घटल्यावर पेसोच घसरला असता. कारखान्याची किंमत 100 पेसोच राहिली असती, पण डॉलरमध्ये आणि रेआलमध्ये ती आपोआप कमी झाली असती. कामगाराचा पगार 900 पेसोच राहिला असता, फक्त त्या पगारात आयात केलेल्या वस्तू कमी आल्या असत्या. म्हणजे तोटा तरत्या दरातही झालाच असता. पण तो थोडाथोडा करून सगळ्यांमध्ये वाटला गेला असता. स्थिर दरात तो नोकरी गेलेल्या माणसाच्या एकट्याच्या डोक्यावर पडतो.

जी जुळवाजुळव विनिमय दर एका आठवड्यात करतो, ती पगार आणि किमती खाली आणून करायला वर्षं लागतात. 1999 ते 2001 या तिन्ही वर्षांत अर्जेंटिनातल्या किमती खरोखर कमी झाल्या, पण वर्षाला जेमतेम एक टक्क्याने. गरज एक-तृतीयांशाची होती. या वेगाने हिशेब जुळायला एक पिढी लागली असती. त्यातच भाव आणि उत्पन्न घटत असताना कर्जाचा आकडा मात्र तोच राहतो, त्यामुळे कर्जाचं ओझं उलट वाढतं.

सरकारची दुसरी गमावलेली गोष्ट ही : धक्का सोसणारा झरोका.

बँकांवर धाड पडली तर वाचवणार कोण?

कुठलीही बँक लोकांच्या ठेवी तिजोरीत ठेवून बसत नाही, ती त्या कर्जाऊ देते. सगळे ठेवीदार एकाच वेळी आले तर सशक्त बँकही पैसे परत करू शकत नाही. अशा वेळी देशाची मध्यवर्ती बँक तिला रोकड पुरवते. रिझर्व्ह बँकेला शेवटच्या आधाराची सावकार म्हणतात ते यासाठी. रुपये छापण्याचा अधिकार तिच्याकडे आहे, त्यामुळे रुपयांची टंचाई ती दूर करू शकते.

अर्जेंटिनाच्या मध्यवर्ती बँकेला हे जवळपास करताच येत नव्हतं. डॉलरशिवाय पेसो छापायचा नाही, हा कायदा होता. त्यातून एक पेसो एक डॉलर ही हमी इतकी वर्षं टिकल्यामुळे लोकांनी दोन्ही चलनं सारखीच मानली होती. बँकांमधल्या निम्म्याहून जास्त ठेवी डॉलरमध्ये होत्या आणि कर्जंही मोठ्या प्रमाणात डॉलरमध्ये दिलेली होती. पेसोत पगार मिळवणारा माणूस डॉलरमध्ये घरकर्ज घेत होता, कारण त्याचं व्याज कमी होतं. डॉलर तर कुठलाच अर्जेंटिनी अधिकारी छापू शकत नव्हता.

याची पहिली झलक 1995 मध्ये दिसली होती. डिसेंबर 1994 मध्ये मेक्सिकोने पेसोचं अवमूल्यन केलं, त्याची भीती अर्जेंटिनात पसरली आणि काही महिन्यांत बँकांमधून ठेवींचा मोठा हिस्सा बाहेर गेला. बेरोजगारी 18 टक्क्यांवर गेली. त्या वेळी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या मदतीने देश सावरला. पण धडा स्पष्ट होता : या व्यवस्थेत संकटकाळी पैसा बाहेरून उसना आणावा लागतो, आणि देणारा प्रत्येक वेळी देईलच असं नाही.

ही सरकारच्या हातून जाणारी तिसरी गोष्ट. आणि डॉलरमधल्या कर्जांमुळे चौथी गोष्टही जाते, ती म्हणजे माघार घेण्याचा रस्ता. स्थिर दर जितका यशस्वी, तितके लोक त्यावर विसंबून परकीय चलनात कर्ज घेतात. मग दर सोडायचा म्हटलं तर त्या सगळ्यांचं कर्ज एका रात्रीत दुप्पट-तिप्पट होतं. ज्या सरकारला दर बदलायला हवा आहे, त्याला तो बदलण्याचं धाडसच होत नाही.

शेवट कसा आला?

डिसेंबर 1999 मध्ये फर्नांदो दे ला रुआ राष्ट्राध्यक्ष झाले. देश मंदीत होता. अशा वेळी सरकार साधारणपणे व्याजदर खाली आणतं, चलन घसरू देतं किंवा खर्च वाढवतं. पहिल्या दोन गोष्टी हातात नव्हत्याच. तिसरी करायला कर्ज लागलं असतं, आणि मध्यवर्ती बँक ते छापून देऊ शकत नव्हती, तर बाजार चढ्या व्याजाशिवाय देत नव्हता. त्यामुळे सरकारला मंदीतच कर वाढवावे लागले आणि खर्च कापावा लागला. त्याने मंदी आणखी खोल गेली, करवसुली घटली आणि पुन्हा कपात करावी लागली.

मार्च 2001 मध्ये काव्हायो पुन्हा अर्थमंत्री झाले. जुलैमध्ये शून्य तूट कायदा आला आणि सरकारी पगार व निवृत्तिवेतनात 13 टक्के कपात झाली. प्रांतिक सरकारांकडे पगार द्यायला पेसो नव्हते, म्हणून ब्युनोस आयर्स प्रांताने पाताकोन नावाचे छोटे रोखे काढून कर्मचाऱ्यांचे पगार त्यातून दिले. लोक ते दुकानात नोटांसारखे वापरू लागले. ज्या देशाने छपाईवर बंदी घातली होती, तिथे मागच्या दाराने नवं चलन आलं होतं. त्याच सुमारास पेसो अर्धा डॉलरशी आणि अर्धा युरोशी बांधण्याची तरतूदही कायद्यात घातली गेली. हेतू पेसो थोडा स्वस्त करण्याचा होता. पण बाजाराने अर्थ लावला तो असा : सरकारलाच आता या दरावर विश्वास राहिलेला नाही.

2001 च्या उत्तरार्धात ठेवी झपाट्याने बाहेर जाऊ लागल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने खात्यातून रोख काढण्यावर मर्यादा घातली : आठवड्याला 250 पेसो. या निर्बंधाला लोकांनी कोर्रालितो, म्हणजे छोटा कोंडवाडा, हे नाव दिलं. खात्यात पैसे होते, पण ते काढता येत नव्हते. रोखीवर चालणारी छोटी दुकानं आणि रोजंदारीची कामं ठप्प झाली. त्याच आठवड्यात नाणेनिधीने कर्जाचा पुढचा हप्ता रोखला.

19 आणि 20 डिसेंबरला लोक भांडी वाजवत रस्त्यावर उतरले. दुकानं लुटली गेली, आणीबाणी जाहीर झाली, देशभरात तीसहून अधिक माणसं मरण पावली. 20 डिसेंबरला दे ला रुआ यांनी राजीनामा दिला आणि ते राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाच्या छतावरून हेलिकॉप्टरने बाहेर पडले. त्यानंतरच्या हंगामी राष्ट्राध्यक्षांनी सरकारी कर्जफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. जानेवारी 2002 मध्ये एदुआर्दो दुआल्दे यांच्या सरकारने परिवर्तनीयता कायदा गुंडाळला. आधी एका डॉलरला 1.40 पेसो असा दर ठरवला, पण तोही टिकला नाही. फेब्रुवारीत पेसो तरता सोडावा लागला आणि वर्षाच्या मध्यापर्यंत डॉलर साडेतीन पेसोच्या पुढे गेला.

हिशेब कोणाच्या नावावर पडला?

डॉलरमधल्या बँक ठेवी सरकारने सक्तीने पेसोत बदलल्या, एका डॉलरला 1.40 पेसो या दराने. ज्याच्या खात्यात 10,000 डॉलर होते, त्याच्या नावावर 14,000 पेसो लागले, तेही लगेच काढता येणार नव्हते. बाजारात डॉलर साडेतीन पेसोला गेल्यावर त्या रकमेचं मूल्य 4,000 डॉलर उरलं होतं. पुढे या ठेवींना महागाईनुसार वाढ देण्यात आली, पण मधल्या काळातलं नुकसान मोठं होतं.

देशातल्या बँकांकडून घेतलेली डॉलर कर्जं मात्र एकास एक या दराने पेसोत बदलली. तसं केलं नसतं, तर पेसोत कमावणाऱ्या लाखो कर्जदारांचं दिवाळं निघालं असतं. बँकांना ठेवीदारांचे 1.40 द्यायचे आणि कर्जदारांकडून 1 घ्यायचा, हा मधला फरक सरकारने रोखे देऊन भरला. म्हणजे तो शेवटी करदात्यांवर गेला.

2002 मध्ये अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था जवळपास 11 टक्क्यांनी आक्रसली. बेरोजगारी 20 टक्क्यांच्या वर गेली आणि निम्म्याहून जास्त लोकसंख्या दारिद्र्यरेषेखाली आली. मात्र घसरलेल्या पेसोमुळे निर्यात परवडू लागली, पुढे शेतमालाचे भावही वाढले आणि 2003 मध्ये अर्थव्यवस्था जवळपास नऊ टक्क्यांनी वाढली. काही वर्षं उशिरा आणि फार मोठी किंमत मोजून का होईना, विनिमय दराने आपलं काम केलं.

मग दिऱ्हॅम का टिकतो?

अमिरातीने त्याच चार गोष्टी सोडलेल्या आहेत, पण तिथे त्यांची गरज कमी पडते. तेल डॉलरमध्येच विकलं जातं, त्यामुळे देशाचं मुख्य उत्पन्न आणि चलन एकाच दिशेने चालतात. सरकारकडे परदेशात गुंतवलेली प्रचंड संपत्ती आहे, म्हणून डॉलर संपतील अशी भीती सहसा निर्माण होत नाही. आणि बहुतेक कामगार परदेशी आहेत. मंदी आली की त्यांचे करार संपतात आणि ते मायदेशी परततात. म्हणजे तिथेही धक्का कोणीतरी सोसतोच. चलनाऐवजी तो परत येणाऱ्या कामगाराच्या वाट्याला येतो, आणि त्यात केरळ, महाराष्ट्रातली माणसंही असतात.

भारताने 2022 मध्ये मधला मार्ग घेतला. सप्टेंबर 2021 मध्ये सुमारे 642 अब्ज डॉलर असलेला परकीय चलनसाठा ऑक्टोबर 2022 पर्यंत सुमारे 525 अब्जांवर आला. यातली काही घट रिझर्व्ह बँकेने डॉलर विकल्यामुळे होती, तर काही साठ्यातल्या इतर मालमत्तांचं डॉलरमधलं मूल्य घटल्यामुळे. पण कुठलाही एक आकडा राखण्याची हमी बँकेने दिली नव्हती, त्यामुळे रुपया घसरूही दिला गेला. त्याची किंमत आयात होणाऱ्या कच्च्या तेलात आणि खाद्यतेलात सगळ्यांनी थोडीथोडी मोजली.

बांधलेला दर तुटायला आला आहे, हे कसं ओळखायचं?

अर्जेंटिनाच्या अनुभवातून काही खुणा सांगता येतात. परकीय साठा महिन्यामागून महिना घटतो आणि तो भरायला नवं कर्ज घ्यावं लागतं. दर खरोखर कायम राहणार असेल, तर देशी चलनातल्या ठेवीवर डॉलरच्या ठेवीपेक्षा फार जास्त व्याज मिळायचं कारण नसतं. तो फरक रुंदावू लागला, म्हणजे लोक दर मोडण्याची किंमत आधीच धरू लागले आहेत. शेजारी देशांची चलनं घसरलेली असतात आणि आपलं जागेवर असतं. सरकार मूळ दराला हात न लावता निर्यातदारांना वेगळा दर, प्रवाशांना वेगळा नियम अशा पळवाटा काढू लागतं. आणि शेवटची खूण म्हणजे रस्त्यावरचा काळ्या बाजारातला दर. तो सरकारी दरापासून जितका लांब, तितकी ती हमी पोकळ.

दर बांधल्याने अर्जेंटिनाची महागाई गेली, हे खरं आहे. पण महागाईचं मूळ असलेली सरकारी खर्चाची सवय कायद्याने गेली नाही. तूट राहिली, फक्त ती छपाईऐवजी डॉलरमधल्या कर्जाने भरली गेली. एक पेसो एक डॉलर हा दर आकड्यांत दहा वर्षं एका पैशानेही हलला नाही, आणि त्या दहा वर्षांत साचलेला सगळा फरक काही महिन्यांत वसूल झाला.